इपॉक्सी भरलं की भेग कायमची बंद?

"टेरेसच्या भेगेत इपॉक्सी मारलं की विषय संपला ना? ते तर काँक्रीटपेक्षा स्ट्राँग असतं म्हणे."

स्ट्राँग असतं हे खरंय, पण घोळ तिथेच आहे. आमच्या धायरीच्या सोसायटीत टेरेसच्या लांब भेगेत इपॉक्सी इंजेक्ट केलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या शेजारी वीतभर अंतरावर नवी भेग! एप्रिलच्या दुपारी स्लॅब तापून फुगतो, रात्री आक्रसतो, ही हालचाल आधी भेगेतून निघत होती, ती वाट घट्ट चिकटवून टाकली मग काँक्रीट शेजारी फाटणारच की.

इपॉक्सी हलत नसलेल्या भेगेसाठी. समजा बीम एकदाच जास्त लोड येऊन तडकला, आता लोड काढलाय, तर भेगेवर पोर्ट म्हणजे माल भरायच्या छोट्या नळ्या लावून, वरून भेग सील करून खालच्या पोर्टपासून प्रेशरने भरायचं, पुढच्या पोर्टातून माल आला की वर सरकायचं. केसासारखी बारीक भेगही भरते. पण भेग सळई गंजल्यामुळे पडलेली असेल तर पैसे पाण्यात, आधी गंज बघा.

हलणारी भेग मात्र ग्राइंडरने रुंद करून खाच करायची, निदान ६ मिमी, हालचाल जास्त तर अजून रुंद. धूळ काढून, कोरडं करून, सीलंट तळाला चिकटू नये म्हणून पट्टी टाकून (हीच बहुतेक मिस्त्री विसरतात) वर पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. तो दोन्ही बाजूंना धरतो आणि रबरासारखा ताणला जातो. ताकद मात्र शून्य, फक्त पाणी अडतं.

हलते का कसं कळणार? भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा, काही महिने ठेवा, तडकली तर हलतेय.