किकऑफच्या निमंत्रणात डिस्कव्हरीचे प्रश्न कशाला?

डिस्कव्हरी कॉल काम ठरण्याआधीचा, किकऑफ कोटेशन मंजूर होऊन ॲडव्हान्स जमा झाल्यानंतरचा. एवढं फ्रीलान्सिंग करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. झूम की मीट, अर्धा तास की पाऊण तास, हे किरकोळ. गोंधळ होतो तो निमंत्रणासोबत पाठवायच्या प्रश्नांत, कारण बहुतेक जण डिस्कव्हरीचीच जुनी प्रश्नावली पुन्हा चिकटवतात.

समजा, मालवणच्या एका होमस्टेची वेबसाइट आहे. कोटेशनमध्ये पाच पानं, एक चौकशी फॉर्म आणि दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या. निमंत्रणात तुम्ही विचारलंत, "वेबसाइटवर आणखी काय काय हवं?" क्लायंट दोन दिवस मनापासून विचार करतो आणि ऑनलाइन पेमेंट, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषा, ब्लॉग अशी यादी घेऊन येतो. आता "याचे वेगळे पैसे" म्हणालात की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही. विचारलं तुम्हीच होतं.

डिस्कव्हरीत हाच प्रश्न योग्य होता, कारण तेव्हा आकडा ठरायचा होता. किकऑफचा प्रश्न कोटेशनमधली एक ओळ धरून तिची हद्द विचारतो आणि उत्तरात निर्णय मागतो. उदाहरणार्थ, असं लिहा:

"नमस्कार, गुरुवारी सकाळी ११ वाजता ४५ मिनिटांचा किकऑफ कॉल ठेवू या का? मंजूर कोटेशन सोबत जोडलं आहे. तोवर चार गोष्टींवर विचार करून ठेवा, लेखी उत्तर नको.
१. कोटेशनमध्ये एकच भाषा धरली आहे. मराठी ठेवायची की इंग्रजी?
२. पाच पानांचा मजकूर आणि खोल्यांचे फोटो तुमच्याकडून यायचे आहेत. ते कोण देणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत?
३. चौकशी फॉर्म कोणाच्या ईमेलवर यावा?
४. डिझाइनला शेवटचा होकार कोणाचा? त्यांनाही कॉलवर घेऊ या."

चौथा प्रश्न गाळू नका. होकार देणारी व्यक्ती कॉलवर नसली, की दोन फेऱ्या संपल्यावर ती पहिल्यांदा डिझाइन पाहते आणि तिसरी फेरी फुकट मागितली जाते. दुसऱ्या प्रश्नातली तारीखही तितकीच गरजेची. तुमची मुदत मजकूर हातात आल्यापासून मोजायची, हे कॉलवरच बोलून घ्या.

निमंत्रण तीन दिवस आधी पाठवा. आदल्या रात्री आलेल्या प्रश्नांवर कोणी घरच्यांशी बोलत नाही. प्रश्न पाचाच्या वर नकोत, आणि गूगल फॉर्म तर मुळीच नको: तो भरला की क्लायंटला काम झाल्यासारखं वाटतं आणि कॉल पुढे ढकलला जातो. क्लायंट दुबईत असेल तर "भारतीय वेळ ११, तुमचे साडेनऊ" असं स्पष्ट लिहा.

तरीही कॉलवर ऑनलाइन पेमेंटचा विषय निघाला, तर नाही म्हणू नका. "दुसऱ्या टप्प्यात" या मथळ्याखाली लिहून घ्या आणि त्याचं कोटेशन वेगळं पाठवा.