पुदिना, लवंग, व्हिनेगर : मुंग्या वळतात, उंदीर नाही

अर्धा लिटर पाण्यात पुदिन्याच्या तेलाचे दहा थेंब घाला, ओट्यावर मारा, मुंग्या गायब! असा व्हिडिओ बघितला असेलच. दहा थेंब म्हणजे सुमारे अर्धा मिली. अर्ध्या लिटरला ०.१ टक्का. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. पुदिन्याचं तेल पाण्यावर तरंगतं आणि बाटलीची नळी तळातून ओढते, म्हणून सुरुवातीला नुसतं पाणीच येतं. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसून आधी संपतं. भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून दर वेळी हलवलं, तर निदान सारखं मिश्रण पडेल.

तरी मुंग्या जातात, हे खरं. त्या रांगेत चालतात ते वासाच्या रेषेवरून. अन्न सापडलेली कामकरी मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत गंधद्रव्य सोडते. पुढच्या मुंग्या ते हुंगत जातात आणि परतताना त्यात भर घालतात. हे द्रव्य बहुधा तेलकट असतं. व्हिनेगर म्हणजे ९५ टक्के पाणी आणि थोडं अ‍ॅसिटिक आम्ल. रेषा पुसते ती मुख्यतः फडक्याने. साबणाचं पाणी हेच काम जास्त चांगलं करतं. ओटा कडाप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर व्हिनेगर नकोच. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. आम्लाने पांढुरके डाग पडतात, ते पुसून जात नाहीत.

लवंगेतलं युजेनॉल मात्र कीटकांच्या मज्जासंस्थेवर खरोखर परिणाम करतं. अडचण वेगळीच आहे. फवारा लागतो तो बाहेर फिरणाऱ्या मुंग्यांना. राणी आणि अळ्या भिंतीच्या आत सुरक्षित राहतात. स्वयंपाकघरातल्या बारीक पिवळट फॅरो मुंग्या तर उग्र फवारा मारला की वारूळ फोडून दोन-तीन ठिकाणी संसार थाटतात. आठवड्याने बेसिनखालीही रांग दिसली, तर हेच झालं असं समजा.

त्यापेक्षा आमिष बरं. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर (कॅरमवर टाकतात तीच, पण सुगंध नसलेली) विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून रांगेशेजारी, मुलं आणि पाळीव प्राणी पोहोचणार नाहीत असा ठेवा. पावडर जास्त घातली तर मुंगी वाटेतच मरते. कमी असली की ती घरी जाऊन इतरांना भरवते. काही दिवस रांग वाढेल. तेव्हा फवारा मारू नका, आमिषच वाया जाईल.

उंदरांचं सांगायचं तर, पुदिन्यातल्या मेंथॉलने नाकाला झोंबतं, म्हणून दोन वाटांपैकी तो बिनवासाची निवडेल. पण धान्याकडे जायची वाट एकच असली की वास सहन करून जातो, नंतर सरावतो. शिवाय तेल उडून जातं, कापूस सुकतो. पेन्सिल शिरेल एवढ्या, सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही लहान उंदीर घुसतो. म्हणून फटीत लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंट लिंपा. आधी तिथे रात्री पीठ भुरभुरवा. सकाळी पावलं उमटली तर वाट चालू आहे, आत उंदीर असताना ती बुजवू नका. पिंजरा आधी.

आणि ‘आजीच्या बटव्यातलं’ म्हणून लवंगेचं तेल निरुपद्रवी नसतं. मांजराच्या यकृताला असली द्रव्यं नीट निपटता येत नाहीत, म्हणून घरात मांजर असेल तर ते फवारू नका.