दहा नाणी आणि बंद घड्याळ: ज्ञानाची जुनी व्याख्या कुठे तुटते

एखादी गोष्ट ‘मला माहीत आहे’ असं म्हणायला काय काय लागतं? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत लिहिणाऱ्या बऱ्याच तत्त्वज्ञांचं उत्तर जवळपास ठरलेलं होतं. ती गोष्ट खरी हवी, माणसाचा तिच्यावर विश्वास हवा आणि त्या विश्वासाला पुरेसा आधार हवा. या तिन्ही अटी पूर्ण झाल्या की ते ज्ञान. ‘समर्थित सत्य विश्वास’ हे या व्याख्येचं नाव.

तिसरी अट नेमकी कशासाठी आहे हे आधी पाहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. नाणं उडवण्याआधी कुणाला मनापासून वाटलं की छापा पडणार, आणि छापा पडला. विश्वास होता, तो खराही ठरला. तरी त्याला ते माहीत होतं असं आपण म्हणणार नाही. तो निव्वळ योगायोग होता. असा योगायोग बाहेर ठेवण्याचं काम आधाराच्या अटीकडे दिलेलं होतं.

ही व्याख्या प्लेटोची आहे असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. ‘मेनो’ या संवादात खरं मत कारणाने बांधून ठेवलं की त्याचं ज्ञान होतं, असा विचार येतो. ‘थिएटिटस’मध्ये मात्र ‘स्पष्टीकरणासह खरं मत’ ही व्याख्या तपासली जाते आणि शेवटी टिकत नाही म्हणून सोडून दिली जाते. जिला नंतर ‘परंपरागत व्याख्या’ म्हटलं गेलं, ती आज ओळखतो त्या तीन अटींच्या रूपात विसाव्या शतकातच नीट मांडली गेली. 1956 मध्ये ए. जे. एअर यांनी आणि 1957 मध्ये रॉडरिक चिझम यांनी थोड्याफार वेगळ्या शब्दांत तिची रूपं दिली.

1963 मध्ये ‘अॅनॅलिसिस’ या नियतकालिकात एडमंड गेटियर यांचा जेमतेम तीन पानांचा लेख आला. तीन अटींचं सर्वसाधारण रूप आणि एअर व चिझम यांची रूपं, अशी व्याख्येची तिन्ही रूपं त्यांनी समोर ठेवली आणि दोन उदाहरणं दिली. त्यातलं पहिलं सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण त्यातला प्रत्येक तपशील काहीतरी काम करतो.

स्मिथ आणि जोन्स या दोघांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केला आहे. नोकरी जोन्सला मिळणार, असं कंपनीच्या अध्यक्षांनी स्मिथला खात्रीने सांगितलं आहे. शिवाय दहाच मिनिटांपूर्वी स्मिथने जोन्सच्या खिशातली नाणी स्वतः मोजली आहेत: दहा. यावरून स्मिथ मानतो की ‘नोकरी जोन्सला मिळणार आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत.’ यातून तो पुढचा निष्कर्ष काढतो: ‘ज्याला नोकरी मिळणार, त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.’ तर्कात कुठेही चूक नाही.

प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते. आणि स्मिथच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी असतात.

आता तिन्ही अटी लावून पाहा. निष्कर्ष खरा आहे, कारण नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात खरोखर दहा नाणी आहेत. स्मिथचा त्यावर विश्वास आहे. आधारही भक्कम आहे: अध्यक्षांचा शब्द, स्वतः मोजलेली नाणी आणि निर्दोष तर्क. तरीही स्मिथला ते माहीत होतं असं म्हणवत नाही. त्याचा विश्वास जोन्सच्या खिशावर उभा होता; तो खरा ठरला तो मात्र स्वतः स्मिथच्या खिशामुळे. आधार एकीकडे राहिला, सत्य दुसरीकडून आलं, आणि दोन्ही दहा या आकड्यावर योगायोगाने येऊन मिळाले.

गेटियर यांनी यासाठी फक्त दोन गोष्टी गृहीत धरल्या, आणि दोन्ही नाकारणं महागात पडतं. एक, चांगला आधार असूनही विश्वास खोटा निघू शकतो. दोन, ज्या गोष्टीला आधार आहे तिच्यातून बिनचूक तर्काने दुसरी गोष्ट काढली तर तो आधार तिच्याकडेही जातो. पहिली नाकारली तर आधार म्हणजे शंभर टक्के हमी असं म्हणावं लागेल, आणि मग रोजच्या व्यवहारात आपण ज्याला ज्ञान म्हणतो त्यातलं फार थोडं शिल्लक राहील. दुसरी नाकारली तर तर्काने ज्ञान वाढतं हेच सोडावं लागेल.

अशा जातीची उदाहरणं गेटियर यांच्या आधीही होती. आठव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने धर्मकीर्तीच्या ग्रंथावर लिहिताना दोन दिली आहेत. मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवलेला आहे, अजून धूर निघालेला नाही, पण मांसाच्या वासाने कीटकांचा थवा वर जमला आहे. लांबून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे अग्नी आहे. अग्नी खरोखर आहे. दुसऱ्या उदाहरणात तहानलेला माणूस मृगजळाला पाणी समजून तिकडे जातो आणि तिथे खडकाखाली खरंच पाणी सापडतं. बाराव्या शतकात श्रीहर्षाने, ‘नैषधीयचरित’ लिहिणाऱ्यानेच, ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात ‘तत्त्वानुभूती म्हणजे प्रमा’, म्हणजे गोष्ट जशी आहे तसा तिचा अनुभव हेच खरं ज्ञान, या व्याख्येवर असाच हल्ला चढवला. मुठीत लपवलेल्या कवड्यांची संख्या कुणी अंदाजाने बरोबर सांगितली तर ती प्रमा मानायची का, असा त्याचा प्रश्न होता. इथे एक फरक नीट ध्यानात ठेवायला हवा. कवड्यांच्या अंदाजाला आधारच नाही, त्यामुळे तीन अटींची व्याख्या त्याला सहज बाहेर ठेवते. धर्मोत्तराचं धुराचं उदाहरण मात्र तिसऱ्या अटीतूनही आत शिरतं. प्रतिउदाहरण रचताना ही चूक सहज होते: आधार इतका लेचापेचा ठेवला जातो की ते व्याख्येला लागूच होत नाही.

1948 मध्ये बर्ट्रंड रसेल यांनी बंद घड्याळाचं उदाहरण दिलं. त्यातून त्यांना एवढंच दाखवायचं होतं की प्रत्येक खरा विश्वास ज्ञान नसतो. पण तिन्ही अटींची परीक्षा घ्यायला ते फार सोयीचं आहे. समजा, भिंतीवरचं नेहमी बरोबर चालणारं घड्याळ काल दुपारी 4 वाजून 20 मिनिटांनी बंद पडलं. आज बरोबर 4:20 ला कुणी त्याकडे पाहिलं आणि ‘चार वीस झाले’ असं मानलं. विश्वास खरा आहे. एरवी कधी न चुकलेलं घड्याळ पाहून वेळ मानणं याला आधार म्हणायचं नसेल, तर वेळेच्या बाबतीत आधार कशाला म्हणायचं? आता यात फक्त एक गोष्ट बदला: त्याने एक मिनिट उशिरा, 4:21 ला पाहिलं. आधार तसूभरही बदलला नाही, विश्वास तोच, पण आता तो खोटा. म्हणजे 4:20 ला तो खरा होता त्यात आधाराचा काही वाटाच नव्हता. एखादं उदाहरण या जातीचं आहे की नाही हे ओळखायची ही चांगली कसोटी आहे. आधार जसाच्या तसा ठेवून परिस्थितीत जरासा फेरफार करा आणि सत्य निसटतं का ते पाहा.

गेटियर यांच्या लेखानंतर बहुतेकांना वाटलं की एक चौथी अट जोडली की काम भागेल. पहिली दुरुस्ती त्याच वर्षी मायकेल क्लार्क यांनी सुचवली: आधाराच्या साखळीत एकही खोटी कडी नको. स्मिथ ‘नोकरी जोन्सला मिळणार’ या खोट्या विधानावरून पुढे गेला, म्हणून तो बाद. घड्याळ पाहणाऱ्याने ‘घड्याळ चालू आहे’ हे खोटं गृहीत धरलं, म्हणून तोही बाद. दुरुस्ती पटण्यासारखी दिसते, पण ती दोन्ही बाजूंनी फसते.

एका बाजूने ती ज्ञानालाच बाहेर ढकलते. टेड वॉरफिल्ड यांचं 2005 मधलं उदाहरण असं: वक्त्याकडे वाटण्यासाठी 100 प्रती आहेत. तो सभागृहातली माणसं मोजतो, 53 भरतात, आणि त्यावरून प्रती पुरतील असं ठरवतो. मोजण्यात एकाची चूक झाली आहे. माणसं 52 आहेत. कडी खोटी आहे, तरी प्रती पुरतील हे त्याला माहीत आहे असं म्हणायला कुणी कचरणार नाही.

दुसऱ्या बाजूने, जे ज्ञान वाटत नाही तेच ती आत घेते. 1976 मध्ये आल्विन गोल्डमन यांनी कार्ल जिनेट यांच्याकडून आलेलं एक उदाहरण छापलं. हेन्री गाडीने अशा भागातून चालला आहे जिथे रस्त्याकडेला कोठारांच्या नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या आहेत. रस्त्यावरून त्या हुबेहूब कोठारं वाटतात. त्याची नजर नेमकी एकुलत्या एका खऱ्या कोठारावर पडते आणि तो म्हणतो, ते कोठार आहे. त्याने कुठलीच खोटी गोष्ट गृहीत धरलेली नाही, नजर चांगली आहे, उजेड आहे, आणि जे दिसतंय ते कोठारच आहे. तरी शेजारच्या भिंतीकडे पाहिलं असतं तर तो हेच म्हणाला असता. याला ज्ञान म्हणायचं की नाही यावर अभ्यासकांत आजही दुमत आहे, आणि माझ्या मते ते दुमत खरं आहे. हेन्रीचा आधार आणि सत्य यांची फारकत झालेली नाही, स्मिथची झाली होती. गोल्डमन यांच्यापुरती गोष्ट वेगळी होती. 1967 मध्ये त्यांनी स्वतः सुचवलेली अट, की वस्तुस्थिती आणि विश्वास कारणांच्या धाग्याने जोडलेले हवेत, इथे पूर्ण होत होती आणि तरी उत्तर चुकीचं वाटत होतं. ती अट अपुरी आहे हे त्यांनी असं आपणच दाखवलं.

एकामागून एक दुरुस्त्या का कोसळतात याचं कारण 1994 मध्ये लिंडा झॅग्झेब्स्की यांनी एका छोट्या कृतीत दाखवलं. चौथी अट कुठलीही घ्या. तिच्यात आणि सत्यात जरा जरी फट असेल, तर असा प्रसंग असणारच जिथे बाकी सगळ्या अटी पूर्ण आहेत पण दुर्दैवाने विश्वास खोटा निघाला आहे. तो प्रसंग घ्या आणि त्यात आधाराशी संबंध नसलेला दुसरा योगायोग घाला, ज्यामुळे विश्वास पुन्हा खरा होईल. बंद पडलेलं घड्याळ हा पहिला योगायोग, 4:20 लाच पाहणं हा दुसरा. नवं प्रतिउदाहरण तयार. फट बुजवायची तर अटींनीच सत्याची हमी द्यायला हवी, आणि मग ‘खरं असलं पाहिजे’ ही अट वेगळी ठेवण्याचं कारणच उरत नाही.

यानंतर काहींनी योगायोगाला व्याख्येतूनच नाव घेऊन वगळायचा प्रयत्न केला. टिमथी विल्यमसन यांनी 2000 मध्ये उलटीच दिशा धरली: ज्ञानाचे तुकडे पाडून त्याची व्याख्या करत बसायचं नाही, ज्ञान आधी धरायचं आणि आधार म्हणजे काय हे त्यावरून समजून घ्यायचं. त्यांच्या मांडणीत माणसाजवळचा पुरावा म्हणजे त्याला जे माहीत आहे तेवढंच. म्हणजे घड्याळ पाहणाऱ्याजवळ ‘काटे चार वीसवर आहेत’ हा पुरावा होता; ‘चार वीस झाले आहेत’ हा कधीच नव्हता.