‘गैरवापर झाल्याचा पुरावा आढळलेला नाही’ हे वाक्य आलं कुठून

इन्शुरन्स कंपनीकडून डेटा ब्रीचचं, म्हणजे ग्राहकांची माहिती परक्याच्या हाती गेल्याचं, पत्र आलं की त्यात एक वाक्य हमखास असतं, की तुमच्या माहितीचा गैरवापर झाल्याचा कुठलाही पुरावा आम्हाला आत्तापर्यंत आढळलेला नाही. वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि पत्र बाजूला ठेवतो. पण या वाक्यामागे बरीच वर्षं चाललेलं एक भांडण आहे. चोरी झाली, माहिती गेली, तर ग्राहकाला कळवायचं की नाही हे कोणी ठरवायचं, ज्याच्या हातून माहिती गेली त्यानंच?

सुरुवात इन्शुरन्समधून झाली नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा डेटा असलेल्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलं, सुमारे २ लाख ६५ हजार लोकांची नावं आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथले सरकारी ओळख क्रमांक, त्यात होते. ते लक्षात आलं मे महिन्यात, आणि कर्मचाऱ्यांना कळलं त्यानंतरही काही दिवसांनी. ज्यांचा पगार तिथून निघत होता त्यात आमदारही होते, त्यामुळे कायदा झटपट झाला हे वेगळं सांगायला नको! १ जुलै २००३ पासून तो लागू झाला आणि कळवलंच पाहिजे अशी सक्ती करणारा अमेरिकेतल्या राज्यांमधला तो पहिला कायदा. त्यात दोन गोष्टी ठरल्या. एक, डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात असेल, तर कळवायची गरज नाही. दुसरी, माहिती परक्या माणसाच्या ‘हाती लागली’ किंवा लागली असावी असं मानायला वाजवी कारण असेल तर कळवायचं. नुसतं ‘पाहिली’ नाही, ‘हाती लागली’. आजही पत्रांत कुठे ‘ऍक्सेस झाला’ तर कुठे ‘कॉपी करून नेला’ असं तोलूनमापून लिहिलेलं दिसतं त्याचं मूळ या शब्दात आहे, कारण कायद्यानं बोजा कुठल्या क्रियापदावर टाकलाय ते वकिलाला पक्कं ठाऊक असतं.

२००५ मध्ये लोकांची माहिती विकणारी एक कंपनी अडकली. तिथे हॅकिंग वगैरे झालंच नव्हतं, भामट्यांनी धंदेवाईक ग्राहक बनून रीतसर खाती उघडली आणि माहिती विकत घेतली. कंपनीनं आधी फक्त कॅलिफोर्नियातल्या ३५ हजार लोकांना पत्रं पाठवली कारण सक्ती तिथलीच होती, मग बाकीच्या राज्यांतून आरडाओरडा झाला तेव्हा आकडा १ लाख ४५ हजारांच्या आसपास गेला. त्यानंतर राज्याराज्यांत असे कायदे आले. आरोग्याची आणि हेल्थ इन्शुरन्सची माहिती मात्र कॅलिफोर्नियाच्या यादीत थेट २००८ मध्ये आली, म्हणजे त्याआधी पॉलिसी नंबर आणि आजाराचं नाव गेलं तरी त्या कायद्यानं पत्र पाठवायची गरज नव्हती.

आता मुख्य भांडण. २००९ मध्ये अमेरिकेत हेल्थ इन्शुरन्स आणि हॉस्पिटलांसाठी केंद्राचा नियम आला, की प्रकार लक्षात आल्यापासून विनाकारण उशीर न करता आणि काही झालं तरी ६० दिवसांच्या आत पत्र गेलं पाहिजे, आणि ५०० किंवा जास्त लोकांचा मामला असेल तर केंद्राच्या आरोग्य खात्यालाही त्याच मुदतीत. संसदेनं केलेल्या कायद्यात ‘किती नुकसान होईल’ अशी काही अट नव्हती. नियम लिहिणाऱ्या याच खात्यानं ती घुसवली. त्यांचं म्हणणं असं की माणसाला पैशाचं, अब्रूचं किंवा दुसरं काही नुकसान होण्याचा ‘मोठा धोका’ असेल तरच त्याला ब्रीच म्हणायचं, नाहीतर ब्रीच नाही, पत्रही नाही. आणि धोका मोठा आहे की नाही हे जोखणार कोण, तर कंपनी स्वतः.

खात्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. चुकीच्या पाकिटात गेलेलं एक पत्र दुसऱ्या दवाखान्यात उघडलं गेलं आणि त्यांनी लगेच परत पाठवलं, यासाठीही घाबरवणारं पत्र काढत बसलो तर लोक खऱ्या पत्रांकडेही बघणं सोडतील. मला स्वतःला हा मुद्दा अर्धाच पटतो, कारण जाहिरातींची पाकिटं रोज येतात म्हणून बँकेचं पत्र कोणी न वाचता फेकत नाही. काही खासदारांनी ऑक्टोबर २००९ मध्येच लिहून कळवलं की ही अट कायद्यात नाही, काढा. खात्यानं २०१० मध्ये पक्का नियम मंजुरीला पाठवला आणि परत मागे घेतला. जानेवारी २०१३ मध्ये शेवटी नियम पालटला. माहिती परक्याकडे गेली की तो ब्रीच आहे असंच धरून चालायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर माहिती उघड झाल्याची शक्यता कमी आहे हे कंपनीनं लेखी दाखवायचं. त्यासाठी माहिती कसली होती आणि त्यावरून माणूस ओळखता येतो का, ती कोणाच्या हाती गेली, ती खरोखर पाहिली गेली का किंवा नेली गेली का, आणि नंतर धोका कितपत कमी केला, हे चार प्रश्न दिले.

फरक वाटतो तेवढा बारीक नाही. आधी गप्प बसायला ‘आम्हाला मोठा धोका दिसत नाही’ असा स्वतःचाच अंदाज पुरत होता, नंतर गप्प बसायचं तर या चार प्रश्नांवर शक्यता कमी असल्याचं दाखवावं लागायला लागलं. ‘पुरावा आढळलेला नाही’ हे वाक्य मात्र टिकलं, फक्त त्याची जागा बदलली. पूर्वी त्याच्या जोरावर पत्र टाळता यायचं, आता ते पत्रातच येऊन बसलंय.

या वादाच्या ऐन मध्यात एक प्रकरण घडलं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. २००९ चा नियम २३ सप्टेंबरला लागू झाला आणि २ ऑक्टोबरला टेनेसीतल्या एका हेल्थ इन्शुरन्स कंपनीच्या जागेतून ५७ हार्ड डिस्क चोरीला गेल्या. ते ऑफिस म्हणजे भाड्यानं घेतलेलं कॉल सेंटर, माणसं दुसरीकडे हलवली होती पण नेटवर्कच्या कपाटात डिस्क तशाच राहिल्या होत्या. दाराला बायोमेट्रिक, कार्ड, चुंबकी कुलूप, आत आणखी एक कुलूप, सगळं होतं! डेटा मात्र एन्क्रिप्ट केलेला नव्हता. डिस्कवर काय होतं, तर ग्राहकांच्या फोनची रेकॉर्डिंग्ज आणि बोलताना कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर जे दिसत होतं त्याची चित्रं.

आता यादी कशी करणार? डेटाबेसमधून नावांचा कॉलम काढता येतो, पण आवाजातून कोणी आपला नंबर सांगितला, कोणी आजार सांगितला हे शोधायचं तर बॅकअप घेऊन ऐकायला आणि बघायला माणसं बसवावी लागतात. तेच झालं, आणि पत्रं एकदम न जाता गटागटानं गेली, ज्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर होता त्यांना वेगळं, ज्यांची फक्त जन्मतारीख किंवा आजाराचा कोड होता त्यांना वेगळं. एकूण १० लाखांवर लोक निघाले. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तपास, पत्रं आणि संरक्षण मिळून खर्च १ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात गेला, आणि २०१२ मध्ये खात्याशी १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. गैरवापराचा पुरावा? आढळला नाही, असंच त्यांनीही सांगितलं. चोरट्याला डिस्क विकायच्या होत्या की आतला माल हवा होता, हे डिस्क परत मिळाल्याशिवाय कळणार कसं? पुरावा नसणं आणि गैरवापर नसणं यात केवढं अंतर आहे ते इथे दिसतं.

मग २०१५ आलं. एका मोठ्या हेल्थ इन्शुरन्स कंपनीत डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला दिसलं की आपल्या लॉगिननं एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारा आदेश, चालू आहे जी आपण लावलेलीच नाही. जवळपास ७ कोटी ८८ लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सदस्य क्रमांक, पत्ते, सोशल सिक्युरिटी नंबर त्यात गेले. पत्रात आवर्जून लिहिलं होतं की क्रेडिट कार्ड किंवा उपचारांची माहिती गेल्याचा पुरावा नाही. पण कार्ड तर दोन दिवसांत नवीन मिळतं, जन्मतारीख कोण बदलून देणार?

पत्राचा आत्ताचा साचा १ जानेवारी २०१६ पासूनचा, तोही कॅलिफोर्नियाचाच. काय घडलं, कोणती माहिती त्यात होती, आम्ही काय करतोय, तुम्ही काय करू शकता, अधिक माहितीसाठी, असे पाच मथळे आणि अक्षरं किमान १० पॉइंटची. दुसरा मथळा आधी वाचायचा, तिथेच कळतं की पुढे काय करायचं. युरोपात २०१८ पासून नियामकाला ७२ तासांत कळवायचं, पण ग्राहकाला कळवायचं ते धोका ‘जास्त’ असेल तरच, म्हणजे जुनी अट तिथे वेगळ्या रूपात आहेच. भारतात २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात धोक्याची अटच नाही, माहितीचा भंग झाला की डेटा प्रोटेक्शन बोर्डालाही कळवायचं आणि ज्याची माहिती त्यालाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कळवण्याची सक्ती त्यानंतर दीड वर्षानं.

‘तुम्ही काय करू शकता’ हा भाग मात्र अजून २००३ च्या काळातच अडकलाय. फुकट क्रेडिट मॉनिटरिंग देतात, एक वर्ष, दोन वर्षं. ते सांगतं की तुमच्या नावानं नवीन कर्ज उघडलं गेलं. क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपला क्रेडिट रिपोर्ट नव्या कर्जदात्यांसाठी बंद करणं, त्याहून बरं, अमेरिकेत सप्टेंबर २०१८ पासून ते फुकट झालं, आणि त्यानं कर्ज मुळातच निघत नाही. पण इन्शुरन्सची माहिती गेली की दोन वेगळे खेळ चालतात आणि ते या दोन्हींत दिसत नाहीत. एक म्हणजे तुमच्या सदस्य क्रमांकावर दुसऱ्याचे उपचार, ते फक्त क्लेमच्या हिशोबात दिसतात, म्हणून कंपनीकडून क्लेमची पूर्ण यादी मागून आपण कधी न गेलेलं हॉस्पिटल त्यात आहे का बघावं लागतं. दुसरा म्हणजे फोन. समोरचा तुमचा पॉलिसी नंबर, हप्त्याची तारीख, नॉमिनीचं नाव सांगतो आणि माणूस विश्वास ठेवतो, कारण एवढं परक्याला कसं माहीत असणार. तेच तर गेलेलं असतं. असा फोन ठेवून द्यायचा आणि ब्रीचच्या आधीपासून घरात असलेल्या पॉलिसीच्या कागदावरचा नंबर लावायचा, आलेल्या मेसेजमधला नाही, आणि त्याच फोनवर विचारून घ्यायचं की खात्यावरचा मोबाईल, बँक आणि नॉमिनी गेल्या काही महिन्यांत कोणी बदलले आहेत का.