गुडघ्याचा फुगा आणि कोपराचा फुगा: दिसायला सारखे, मुळात वेगळे

दिवसभर खुर्चीत बसून उठलं की पँटच्या गुडघ्याला फुगा आलेला असतो. थंडीत टेबलावर कोपर टेकून वाचत बसलं की स्वेटरच्या बाहीचंही तेच होतं. दोन्हीला आपण ‘कापड ढिलं पडलं’ म्हणून मोकळे होतो. पण पँटमध्ये जे ढिलं पडतं ते स्वेटरमध्ये पडत नाही, आणि म्हणूनच एकाचा इलाज दुसऱ्याला लागू होत नाही.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात. क्रियापद एकच असलं तरी रचना पार निराळ्या आहेत. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून-खालून जातात आणि जवळजवळ सरळ असतात. स्वेटरमध्ये एकही धागा सरळ नसतो. सगळे टाक्यांच्या फासांमध्ये वळलेले असतात.

गुडघा वाकवला की त्यावरची कातडी उभ्या दिशेने साधारण 35 ते 45 टक्के ताणली जाते. कोपराचंही जवळपास तेवढंच. कातडी ताणते आणि हात-पाय सरळ केला की परत बसते. पँटच्या कापडाला तेवढं ताणणं झेपणारं नसतं. त्याची सुटका होते ती बहुतांशी सरकण्यामुळे: आपण बसतो तेव्हा पँटचा पाय वर चढतो, घोटा उघडा पडतो. जेवढं सरकता येत नाही तेवढंच कापडाला ताणावं लागतं. म्हणूनच चांगल्या लोकरी पँटला पुढच्या बाजूने गुडघ्याच्या खालपर्यंत गुळगुळीत अस्तर लावतात. ते शोभेसाठी नसतं. कापड कातडीवरून घसरावं म्हणून असतं. उलट, पोटरीला घट्ट बसणाऱ्या पँटला सरकायला वाव नसतो आणि सगळा ताण गुडघ्यावरच येतो.

हा ताण आधी धाग्यांच्या बारीक नागमोडी वळणांत जातो, ती सरळ होतात. मग तंतूंवर येतो. सुती तंतूत सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध नाजूक असतात. ताण आला की ते सुटतात, साखळ्या जराशा सरकतात आणि नव्या जागी पुन्हा बंध जोडले जातात. झालं, आता तंतूला तीच आपली मूळ लांबी वाटते. त्यात गुडघ्याची ऊब आणि घाम, म्हणजे ओल, हे काम सोपं करतात. वेळही महत्त्वाचा: पाच मिनिटं वाकवलेला गुडघा जे करत नाही, ते तीन तास वाकवलेला करतो.

आता यातली गंमत अशी की वाढ असते किरकोळ, आणि फुगा दिसतो मोठा. समजा गुडघ्यावरचं 20 सेंटिमीटर कापड 3 टक्के वाढलं, म्हणजे फक्त 6 मिलिमीटर. ती वाढीव लांबी जाणार कुठे? वरचं आणि खालचं कापड जागेवरच असतं, त्यामुळे मधला भाग कमानीसारखा बाहेर येतो. 20 सेंटिमीटर अंतरावर 6 मिलिमीटर जास्तीची कमान काढली तर तिची उंची भरते सुमारे 2 सेंटिमीटर. वाढ 1 टक्का, म्हणजे 2 मिलिमीटर असली तरी फुगा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. पट्टीने मोजून जेमतेम कळेल एवढी वाढ समोरच्याला लांबून दिसते ती यामुळे.

म्हणून पँटच्या बाबतीत प्रश्न ‘कापड किती ताणतं’ हा नाही, ‘किती परत येतं’ हा आहे. 2 टक्के ताणून सोडलं तर लोकरीचा तंतू जवळजवळ पूर्ण परत येतो. सुती तंतू त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश परत देतो आणि 5 टक्के ताणला तर निम्म्याच्या आसपास. नायलॉन या परीक्षेत फारच चांगलं उतरतं, पॉलिएस्टर थोड्या ताणाला चांगलं. व्हिस्कोस ओलं झालं की अगदीच नरमतं. लिनन तर ताणतच नाही फारसं, पण जे ताणतं ते विसरतही नाही. लोकरीचं गुपित तिच्या प्रथिनात आहे: केराटिनच्या साखळ्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात आणि गंधकाचे पक्के बंध त्यांना सरकू देत नाहीत. शिवाय तंतू मुळातच कुरळा असतो. त्यामुळे लोकरी पँट रात्रभर दमट हवेत टांगली की फुगा बराच उतरतो, आणि वाफेने राहिलेलाही जातो.

सुती पँटचा फुगा धुतल्यावर जातो, पण कारण वेगळं आहे. पाण्याने तंतू फुगतात, धागे जाड होतात, आणि जाड धाग्याला वळसा घालायला दुसऱ्या धाग्याची जास्त लांबी लागते. त्यामुळे कापड आखडतं. जीन्स धुतल्यावर घट्ट होते ती याच कारणाने, आणि दुपारपर्यंत परत सैल.

आता स्वेटर. इथे तंतूला ताणावं लागतच नाही. कोपर वाकलं की टाके आपला आकार बदलतात: गोलसर फास लांबट होतो आणि शेजारच्या टाक्यांकडून थोडा धागा उसना घेतो. हात सरळ केला तरी धाग्याचं धाग्यावरचं घर्षण ती उसनवारी परत जाऊ देत नाही. म्हणजे कोपरावरच्या फुग्यात तंतूची लांबी बिघडलेली नसते, धाग्याची वाटणी बिघडलेली असते. टाके सैल, तेवढी ही उसनवारी सोपी. ‘दोन सुलट, दोन उलट’ अशा वीणीत टाक्यांचे उभे पट्टे आतबाहेर दुमडलेले असतात, त्यामुळे ती आपसूक आखडते. साध्या सुलट वीणीला ती सोय नाही.

लोकरीच्या स्वेटरला कोमट पाण्यात बुडवून हलकेच दाबून काढा, टॉवेलवर पसरून कोपर हाताने आत ढकला आणि सपाट वाळू द्या. पाण्यात घर्षण ढिलं पडतं आणि वाकवलेला लवचीक धागा फास पुन्हा गोल करतो. सुती स्वेटरचा धागा एवढा लवचीक नसतो, आणि भिजला की वजनाने तो आणखी खाली ओढला जातो. त्याला दोरीवर टांगलं तर फुगा कोपरापुरता राहतच नाही. अ‍ॅक्रिलिकचं दुखणं निराळं. गार असताना ते ठीक वागतं, पण ताणलेल्या कोपरावर वाफेची इस्त्री फिरवली तर गरम आणि ओलं अ‍ॅक्रिलिक मऊ पडतं आणि फुगा तिथेच कायमचा बसतो. लोकरीला वाफ मानवते म्हणून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकला वाफ देणं, ही मला दिसलेली सर्वात नेहमीची चूक आहे.

राहिला स्पॅन्डेक्स. पँटमध्ये तो बहुधा 2-3 टक्केच असतो, सुती धाग्याच्या पोटात दडलेला. तो मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणूनही परत येतो आणि सुती कापडालाही मागे ओढतो. पण ‘स्ट्रेच’ लिहिलंय म्हणजे फुगा येणार नाही, असं मात्र नाही. त्याची ओढ कमी पडली तर कापड ताणतं सहज आणि परततं अर्धवट. हे घरी तपासता येतं: गुडघ्याजवळ खडूने 10 सेंटिमीटरवर दोन खुणा करा, 11 पर्यंत ताणून अर्धा तास धरून ठेवेल असं काही वजन लावा, सोडा, तासाभराने मोजा. 10.3 भरलं तर तीच 3 टक्के वाढ, म्हणजे तोच 2 सेंटिमीटरचा फुगा. गरम ड्रायर आणि क्लोरीनची ब्लीच स्पॅन्डेक्सला मारतात. तो मेलेला ओळखता येतो: गुडघ्यावर केसाएवढे पांढरट धागे बाहेर डोकावायला लागतात, आणि त्यानंतर ती पँट कितीही धुतली तरी पूर्ववत होत नाही.