गाण्यातला ‘एक’ कसा सापडतो? (कीबोर्ड घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कीबोर्ड घरी नेल्यावर दोन-तीन आठवड्यांत बरेच ग्राहक पुस्तक हातात घेऊन परत येतात आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवतात. तिथे एकावर एक असे दोन आकडे छापलेले असतात. कीबोर्डच्या स्क्रीनवर तेच 4/4, 3/4 किंवा 6/8 असे दिसतात. याला टाइम सिग्नेचर म्हणतात. दुकानात उभ्या उभ्या हे नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

वरचा आकडा सांगतो, एका बारमध्ये किती ठोके मोजायचे. बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधलं घर. खालचा आकडा सांगतो, कोणत्या नोटला एक ठोका धरायचा: ४ असेल तर क्वार्टर नोट, ८ असेल तर तिच्या निम्म्या लांबीची एट्थ नोट. म्हणजे ३/४ मध्ये प्रत्येक घरात तीन क्वार्टर नोटइतका वेळ मावतो. काही पुस्तकांत आकड्यांच्या जागी इंग्रजी सी अक्षरासारखी खूण असते. तिथे ४/४ समजायचं.

हा अपूर्णांक नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. स्वरलिपीत दोन आकड्यांच्या मध्ये भागाकाराची रेघ नसतेच. गणितात ६/८ म्हणजे ३/४. संगीतातही दोन्हींच्या घरात सहा एट्थ नोटच मावतात, पण कानाला ती दोन वेगळी गाणी वाटतात, कारण जोर वेगळ्या जागी पडतो. टेबलावर सारख्या गतीने सहा टिचक्या मारून पाहा. आधी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या टिचकीवर जोर द्या:

एक दोन, तीन चार, पाच सहा

हे ३/४. दोन-दोनच्या तीन जोड्या झाल्या. आता गती न बदलता फक्त पहिल्या आणि चौथ्या टिचकीवर जोर द्या:

एक दोन तीन, चार पाच सहा

हे ६/८. तीन-तीनचे दोन गट झाले आणि चाल झोक्यासारखी हलू लागली. म्हणूनच ६/८ च्या गाण्यावर पाय धरला तर तो एका घरात सहा वेळा नाही, दोनच वेळा पडतो. तबला शिकलेल्यांना इथे दादरा आठवेल: धा धी ना, धा ती ना. मांडणी तीच आहे, पण दादऱ्यात चौथी मात्रा खालीची असते. टाइम सिग्नेचरमध्ये टाळी आणि खाली हा भेदच नाही. तिथे फक्त घर आणि घराचा पहिला ठोका.

हा पहिला ठोका, म्हणजे ‘एक’, ऐकून शोधणं हेच खरं काम आहे. त्यासाठी सगळ्यांना पाठ असलेलं गाणं घेऊ: वाढदिवसाचं ‘हॅपी बर्थडे टू यू’. ते ३/४ मध्ये आहे. बहुतेक जण ‘हॅपी’च्या ‘हॅ’वर ‘एक’ म्हणतात आणि मोजणी तिथेच बिघडते. गाऊन पाहा, आवाजाचा जोर ‘बर्थ’वर पडतो. ‘हॅपी’ हे दोन्ही अक्षरांसकट आधीच्या ‘तीन’वर येतं:

हॅपी (३)
| बर्थ (१) डे (२) टू (३)
| यू (१) – (२) हॅपी (३)
| बर्थ (१) डे (२) टू (३)
| यू (१) – (२) हॅपी (३)
| बर्थ (१) डे (२) डिअर (३)
| ता (१) ई (२) हॅपी (३)
| बर्थ (१) डे (२) टू (३)
| यू (१) – (२)

उभ्या रेघेनंतर जे येतं ते घराचं पहिलं अक्षर. शेवटच्या घरात दोनच ठोके उरले, कारण तिसरा ठोका सुरुवातीच्या ‘हॅपी’ने आधीच वापरला होता. पुस्तकात पहिलं घर अपुरं दिसलं की छपाईची चूक समजू नका. गाणं घराबाहेरून सुरू होतंय, एवढाच त्याचा अर्थ.

पण जोर ‘बर्थ’वर आहे याची खात्री कशी करायची? कॉर्ड ऐका. सी स्केलमध्ये वाजवलं तर पहिल्या ‘बर्थ’वर सी कॉर्ड येतो आणि पुढच्या ‘यू’वर जी. ‘डे’ किंवा ‘टू’वर कॉर्ड बदलून पाहा, लगेच खटकेल. कॉर्ड आणि बेसचा खालचा सूर बहुतेक वेळा ‘एक’वरच बदलतो, म्हणून अनोळखी गाण्यात शब्दांपेक्षा बेसवर भरवसा ठेवा. शब्द आधी सुरू होतात, उशिरा सुरू होतात, गायकाच्या मर्जीने रेंगाळतात. वाढदिवसाच्या गाण्यातही नाव घेताना सगळे थांबतात. तिथे तुमची मोजणी चुकली नाही, ठोकाच लांबवला आहे. ‘ता’पासून पुन्हा ‘एक’ धरा.

ड्रम असलेल्या गाण्यांत फसगत वेगळी होते. ४/४ च्या पॉप आणि सिनेमाच्या गाण्यांत पुष्कळदा स्नेअरचा कडक आवाज दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. कानाला तो सगळ्यात मोठा लागतो, म्हणून नवशिका त्यालाच ‘एक’ म्हणतो. ‘एक’वर साधारणपणे खालचा जाड आवाज असतो, किक ड्रमचा. तेव्हा आधी नुसता पाय धरा, आकडे म्हणू नका. पाय स्थिर झाला की ज्या ठोक्यावर बेस बदलतो तिथून ‘एक’ सुरू करा आणि आठ घरं न थांबता मोजा. कॉर्डचे बदल दर वेळी तुमच्या ‘एक’वर आले तर मोजणी बरोबर आहे. ते सातत्याने ‘दोन’वर येत असतील तर एक ठोका सरका. बदलाची जागा दर घरात सरकत असेल, तर घरच चुकीच्या मापाचं धरलंय. चाराऐवजी तीन मोजून पाहा.

ऐकून सगळंच कळतं असंही नाही. खालचा आकडा कानाला कधीच कळत नाही. तीच चाल ३/४ मध्ये लिहा किंवा ३/८ मध्ये, गती सारखी ठेवली तर वाजताना फरक नाही. २/४ आणि ४/४ मधलाही फरक बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या निवडीचा असतो. म्हणून ऐकताना एवढंच ठरवा: गट दोन-चारचे आहेत की तीनचे, आणि प्रत्येक ठोका आतून दोनात तुटतो की तीनात. दोनात तुटणारे तीन ठोके म्हणजे ३/४, तीनात तुटणारे दोन ठोके म्हणजे ६/८.

आता कीबोर्डवर. वाढदिवसाच्या गाण्याला ‘Waltz’ गटातली ३/४ ची स्टाइल निवडा. ४/४ ची स्टाइल लावली तर पहिलं घर कसंबसं जमतं आणि दुसऱ्या ‘बर्थ’ला ड्रम आणि सूर वेगळे पडतात. ‘Sync Start’ चालू करा. हे बटण असलं की डाव्या हाताचा कॉर्ड दाबेपर्यंत ड्रम थांबून राहतात. ‘हॅपी’चे दोन सूर फक्त उजव्या हाताने वाजवा आणि सी कॉर्ड बरोबर ‘बर्थ’वर दाबा. डावा हात ‘हॅपी’वरच पडला तर पूर्ण गाणं एक ठोका पुढे चालेल आणि प्रत्येक ‘बर्थ’ ड्रमच्या ‘दोन’वर येईल. तसं ऐकू आलं की थांबा, स्टाइल बंद करा आणि पुन्हा ‘हॅपी’पासून.

दोन-तीन दिवस करूनही ‘एक’ सापडत नसेल, तर गाणं मोबाइलवर घेऊन दुकानात या. काउंटरवरच शेजारी बसून आठ घरं मोजू.