शॉट चार्टवरील रंग आणि तीनच्या रेषेवरचा पाय

आमच्याकडून शॉट चार्ट घेणारे ठाणे आणि नवी मुंबईतील प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि पालक चार्ट हातात पडल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारतात. मुलाचे मिडरेंजचे शॉट दहापैकी चार पडतात, तीनच्या रेषेबाहेरचे दहापैकी तीनच पडतात. असे असताना मिडरेंजचा भाग चार्टवर जास्त गडद निळा, म्हणजे जास्त कमकुवत, का दाखवला आहे? हे माहितीपत्रक मुख्यतः या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. त्याचबरोबर, शॉट नोंदवताना होणारी जी एक चूक आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ घेते आणि चार्टचा निष्कर्षच उलटा करू शकते, तिच्याविषयी येथे सविस्तर लिहिले आहे.

रंग कशावरून ठरतो

आमच्या चार्टवरील रंग साध्या टक्केवारीवरून ठरत नाही. तो इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारीवरून, म्हणजे ई-एफ-जीवरून ठरतो. तिचे सूत्र असे आहे:

```
eFG% = (FGM + 0.5 × 3PM) / FGA × 100
```

यात पहिला आकडा पडलेल्या सर्व शॉटचा, दुसरा त्यांपैकी तीन गुणांच्या शॉटचा आणि भागाकारातला आकडा एकूण प्रयत्नांचा असतो. तीन गुणांचा शॉट दोन गुणांच्या शॉटपेक्षा दीडपट मोलाचा असल्याने त्याला अर्धा शॉट जास्त मोजला जातो, एवढाच या सूत्राचा अर्थ आहे. एखाद्या भागातले सर्व शॉट रेषेबाहेरचे असतील, तर त्यांची साधी टक्केवारी दीडपट केली की ई-एफ-जी मिळते. रेषेच्या आतील भागात दोन्ही आकडे सारखेच असतात. म्हणून तीस टक्के पडणारे थ्री आणि पंचेचाळीस टक्के पडणारे टू संघाला प्रत्येक प्रयत्नामागे सारखेच गुण देतात.

समजण्यासाठी अठरा वर्षांखालील गटातील एका गार्डचा चार्ट घेऊ. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, मात्र चार्टवर ते याच रीतीने मांडलेले असतात.

| भाग | प्रयत्न | पडलेले | साधी टक्केवारी | ई-एफ-जी |
|---|---|---|---|---|
| रिंगजवळ | ६० | ३३ | ५५ | ५५ |
| पेंटचा उरलेला भाग | ३० | ११ | ३६.७ | ३६.७ |
| मिडरेंज | ५० | २१ | ४२ | ४२ |
| कॉर्नरचे थ्री | २० | ८ | ४० | ६० |
| समोरचे थ्री | ४० | १२ | ३० | ४५ |

एकूण २०० प्रयत्नांत ८५ शॉट पडले आणि त्यांत २० थ्री होते, म्हणून या खेळाडूची एकूण ई-एफ-जी ४७.५ येते. जो भाग या सरासरीच्या वर असेल तो आम्ही तांबडा रंगवतो आणि जो खाली असेल तो निळा. फरक जितका मोठा, तितका रंग गडद. मिडरेंजचे ४२ आणि समोरच्या थ्रीचे ४५ हे दोन्ही आकडे सरासरीखाली आहेत, पण मिडरेंज अधिक खाली असल्याने तो अधिक गडद निळा दिसतो.

रेषेवरचा पाय

आता मुख्य चुकीकडे येऊ. शॉट टाकण्यापूर्वी खेळाडूचा पाय तीनच्या रेषेला टेकलेला असेल, तर तो शॉट दोन गुणांचाच असतो, कारण रेषा ही तीन गुणांच्या क्षेत्राचा भाग नाही. उडी मारून टाकलेल्या शॉटमध्ये पाय जमिनीवरून उचलताना कोठे होते तेवढेच पाहायचे असते. उडीनंतर खेळाडू रेषेच्या आत उतरला तरी शॉट तिनाचाच राहतो. बाकावर बसून शीट भरणारा राखीव खेळाडू किंवा पालक मात्र चेंडूकडे पाहत असतो. चेंडू रिंगपाशी पोहोचल्यावर तो अंदाजाने गोल किंवा फुली करतो आणि रेषेजवळचे बहुतेक शॉट सवयीने रेषेबाहेर मांडतो.

वरच्या उदाहरणात समोरच्या ४० थ्रीपैकी ८ शॉटच्या वेळी पाय रेषेवर होता आणि त्या आठांपैकी ४ पडले होते, असे समजा. दुरुस्ती केल्यावर खरे थ्री ३२ उरतात आणि त्यांतले ८ पडलेले असतात. म्हणजे साधी टक्केवारी २५ आणि ई-एफ-जी ३७.५. मिडरेंजचे प्रयत्न ५८ आणि पडलेले २५ होतात, म्हणजे ४३.१. आधीच्या चार्टवर समोरचा थ्री मिडरेंजपेक्षा बरा दिसत होता, तो आता बराच खाली गेला. दोनशेपैकी केवळ आठ नोंदी बदलल्या आणि प्रशिक्षकाने खेळाडूला काय सांगावे हेच बदलले. शिवाय पाय वीतभर मागे असता तर पडलेले ते चारही शॉट तीन-तीन गुणांचे झाले असते, आणि ही गोष्ट मूळ चार्टवरून कोणालाही दिसली नसती.

ही चूक झाली आहे हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे सामन्याची अधिकृत स्कोअरशीट. तिच्यावर पडलेल्या थ्रीसाठी खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल केलेला असतो. आपल्या शॉट शीटवर त्या खेळाडूचे २० थ्री असतील आणि सर्व स्कोअरशीटवर मिळून गोल १६ च असतील, तर चार शॉट चुकीच्या बाजूला नोंदले गेले आहेत हे निश्चित. फ्री थ्रो वगळून येणाऱ्या गुणांतही तोच फरक दिसतो: शॉट शीटवरून १९०, स्कोअरशीटवरून १८६.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्कोअरशीटवर फक्त पडलेले शॉट असतात. हुकलेल्या शॉटची तिथे काहीही खूण नसते. त्यामुळे काही ग्राहक स्कोअरशीट पाहून पडलेले चार शॉट आत सरकवतात आणि हुकलेले चार बाहेरच ठेवतात. मग समोरच्या थ्रीचे ३६ प्रयत्न आणि ८ पडलेले, म्हणजे ई-एफ-जी ३३.३ येते, तर मिडरेंज ४६.३ वर जाते. मूळ चूक एका बाजूला होती, ही अर्धी दुरुस्ती दुसऱ्या बाजूला घसरते. म्हणून बेरीज जुळत नसलेली शीट आम्ही परत पाठवतो किंवा सामन्याचा व्हिडिओ मागतो. यात चार्ट मिळायला उशीर होतो आणि काहींना ते खटकते, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु अर्धवट दुरुस्त चार्ट रंगवून देणे आम्हाला योग्य वाटत नाही.

व्हिडिओ नसेल तर हुकलेल्या शॉटची नोंद सामन्याच्या वेळीच अचूक करावी लागते, आणि त्यासाठी पंचांच्या हाताकडे पाहणे पुरेसे असते. खेळाडूने तिनाचा प्रयत्न केला की पंच एका हाताची तीन बोटे वर करतात, आणि शॉट पडला की दोन्ही हातांनी तीच खूण करतात. प्रयत्नाची खूण शॉट हुकला तरी झालेलीच असते. शीट भरणाऱ्याने रेषेपासून हातभर अंतरातील प्रत्येक शॉटशेजारी ही खूण पाहून २ किंवा ३ हा आकडा लिहावा. आमच्या छापील शीटवर रेषेलगतचा पट्टा यासाठीच मोकळा ठेवला आहे.

फाऊल झालेल्या शॉटबाबतही लक्ष असावे. फाऊल होऊन शॉट हुकला, तर तो प्रयत्न म्हणून मोजला जात नाही आणि खेळाडूला फ्री थ्रो मिळतात. फाऊल होऊनही पडला, तर तो प्रयत्न आणि पडलेला शॉट असा दोन्हीकडे मोजला जातो. अडवलेला शॉट मात्र हुकलेला प्रयत्न धरला जातो.

कोर्टची मापे

सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीनची रेषा रिंगच्या मध्याखालील बिंदूपासून ६.७५ मीटरवर असते आणि कॉर्नरमध्ये ती बाजूच्या रेषेला समांतर, तिच्यापासून ०.९० मीटर आत असते, म्हणजे रिंगपासून ६.६० मीटरवर. २०१० पूर्वी हे अंतर ६.२५ मीटर होते आणि जुन्या सिमेंटच्या कोर्टवर ती रेषा अजूनही आढळते. गृहसंकुलांतील कोर्ट तर अनेकदा १५ मीटर रुंदही नसते. रुंदी १३ मीटर असेल, तर मध्यापासून बाजूची रेषा साडेसहा मीटरवरच संपते आणि कॉर्नरच्या थ्रीला जागाच उरत नाही. सरावाच्या आणि सामन्यांच्या नोंदी एकत्र पाठवण्यापूर्वी दोन्ही कोर्टची मापे टेपने घेऊन आम्हाला कळवावीत. मापे जुळत नसतील तर आम्ही दोन स्वतंत्र चार्ट देतो, आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारत नाही.

कॉर्नर कोरा का असतो

वरच्या तक्त्यात सर्वात मोठा आकडा कॉर्नरचा, ६० आहे. तरीही तो भाग आम्ही तांबडा रंगवणार नाही. तिथे फक्त आकडे छापू. वीसपैकी आठऐवजी सहा शॉट पडले असते, तर हीच ई-एफ-जी ४५ वर, म्हणजे सरासरीच्या खाली आली असती. ज्या भागात पंचवीसपेक्षा कमी प्रयत्न आहेत तो भाग कोरा ठेवायचा, ही आमची पद्धत आहे. एखाददुसऱ्या सामन्याचा चार्ट त्यामुळे जवळजवळ कोराच येतो. पालकांना ते निराशाजनक वाटते, पण गडद रंग पाहून मुलाला कॉर्नरमध्ये उभे करण्याचा निर्णय दोन शॉटच्या फरकावर होऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते. शिवाय कॉर्नरचे शॉट बहुधा सहकाऱ्याच्या पासवर, मोकळ्या जागेत मिळतात. प्रयत्न दुप्पट केले तर बचावपटू तिकडे धावू लागतील आणि आकडा तसाच राहील याची हमी चार्ट देऊ शकत नाही.

रिंगजवळच्या आकड्याबाबत उलट बाजूने विचार करावा लागतो. ई-एफ-जीमध्ये फ्री थ्रो धरलेले नसतात, आणि आत घुसणाऱ्या खेळाडूला फाऊल तिथेच अधिक मिळतात. त्यामुळे ५५ हा आकडा त्याच्या खऱ्या उपयोगापेक्षा कमी असण्याची शक्यता असते. हंगामाच्या पॅकेजमध्ये आम्ही प्रत्येक भागातून मिळालेल्या फ्री थ्रोची स्वतंत्र नोंद देतो. ड्राइव्ह करणाऱ्या गार्डसाठी ती अवश्य मागवावी.

शॉट शीटसोबत प्रत्येक सामन्याच्या स्कोअरशीटचा स्पष्ट फोटो पाठवावा. व्हिडिओ घेत असल्यास मोबाइल मध्यरेषेच्या समोर, शक्य तितक्या उंचावर, गॅलरीत किंवा बाकांच्या सर्वात वरच्या ओळीत ठेवावा आणि दोन्ही बाजूंच्या तीनच्या रेषा चौकटीत येतील असे पाहावे. बोर्डामागून घेतलेल्या चित्रणात समोरच्या रेषेवरील पाय नीट दिसत नाहीत. स्कोअरशीटशी बेरीज जुळलेल्या नोंदींचे काम आम्ही आधी हातात घेतो.